फोटोतला इंग्रजी उतारा मराठीत आणायचाय: थेट कॅमेऱ्याने की आधी टेक्स्ट काढून?

औषधाच्या डब्यावरची सूचना किंवा मेन्यूकार्ड असेल तर भाषांतराच्या अ‍ॅपचा कॅमेरा धरा, फोटोवरच मराठी उमटते, काम झालं, तिथे काळ आणि सूर बघायची गरजच नसते. पण गोष्टीतला उतारा असेल तर मी सरळ सांगेन, आधी फोटोतून टेक्स्ट काढा आणि भाषांतर स्वतः करा, थोडा वेळ जास्त जातो पण उतारा जिवंत राहतो.

कारण थेट कॅमेऱ्यात मूळ वाक्य आणि मराठी दोन्ही एकाच जागी असतात, मराठी आली की इंग्रजी झाकली जाते, मग चूक नेमकी कुठे झाली ते कळतच नाही. पुस्तकाच्या बायंडिंगजवळ ओळ वाकते तिथे अक्षरं चुकीची वाचली जातात, आर आणि एन चिकटून छापले असले की एम दिसतो आणि 'मॉडर्न'चं 'मोडेम' होतं. टेक्स्ट वेगळं काढलं की हे एका नजरेत सापडतं, फक्त ओळीच्या शेवटी तुटलेले शब्द आणि ओळी आधी जोडून घ्या, नाहीतर एका वाक्याची दोन वाक्यं होतात. हाताने लिहिलेला कागद असेल तर मात्र सरळ टाइप करा, दुरुस्त्या करत बसण्यापेक्षा ते लवकर होतं.

आता हा छोटा उतारा घ्या: 'एव्हरी इव्हनिंग ही वुड वॉक टू द रिव्हर. दॅट डे शी हॅड लॉक्ड द डोअर बिफोर ही केम बॅक. यू माइट हॅव टोल्ड मी, ही सेड.'

पहिल्या वाक्यातलं 'वुड' म्हणजे रोजची सवय, म्हणून 'रोज संध्याकाळी तो नदीवर चालत जायचा', 'जाईल' केलं की काळच गेला. दुसऱ्यात कुलूप आधी लागलं, तो नंतर आला, हा क्रम 'लावलं होतं' मधल्या 'होतं'वर उभा आहे, म्हणून 'त्या दिवशी तो परत यायच्या आत तिने दाराला कुलूप लावलं होतं'. आणि तिसरं खरं अवघड आहे, कारण शब्दशः केलं तर 'तू मला सांगितलं असशील' असं येतं, म्हणजे नुसता अंदाज, पण इथे तर तक्रार आहे ना! मराठीत ती 'मला सांगायचं तरी होतंस' अशीच निघते. इथेच तू की तुम्ही हेही ठरवावं लागतं, इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द, त्यामुळे आधी त्या दोघांचं नातं काय ते पुढेमागे वाचून बघा आणि जे ठरेल ते शेवटपर्यंत तसंच ठेवा, मध्येच 'होतंस'चं 'होतंत' झालं की वाचणाऱ्याला लगेच खटकतं.

मशीनचं भाषांतर मी शेवटी बघते, माझं लिहून झाल्यावर, एखादं वाक्य सुटलंय का एवढ्यापुरतं, कारण ते आधी वाचलं तर त्याचीच वाक्यरचना डोक्यात बसते आणि मग कितीही दुरुस्त केलं तरी 'त्याच्याद्वारे सांगण्यात आले' छाप मराठी जात नाही.