पीपीटीतले गुळगुळीत कोट्स बदलून आठ महिने: काय टिकलं, काय फसलं

पीपीटी होती सुपरवायझरांच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाची. चौसष्ट स्लाइड, त्यांत अकरा नेतृत्वावरचे कोट्स. प्रत्येक कोटमागे उगवता सूर्य किंवा डोंगरावर उभा असलेला माणूस, खाली कुणा थोराचं नाव. समोर बसणारे लोक कारखान्यातले लाइन सुपरवायझर, टीम लीडर, काही स्टोअरचे. यातली निम्मी वाक्यं त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘शुभ सकाळ’सोबत वाचलेली असतात, त्यामुळे स्लाइड आली की वाचणं होतच नाही, ओळखणं होतं. आठ महिन्यांनंतरचा हिशेब असा आहे: अकरापैकी तीन कोट्स नुसते काढून टाकले, सहा नव्या शब्दांत लिहिले, दोन ठेवले.

आधी पद्धत. प्रत्येक कोट समोर घेऊन त्यातली उपमा बाजूला ठेवायची आणि उरलेला मुद्दा एका साध्या वाक्यात लिहायचा. ‘कोण, केव्हा, काय करतो आणि न केल्यास काय होतं’ एवढं त्या वाक्यात आलं पाहिजे. याला मुद्द्याचं वाक्य म्हणू. ते स्लाइडवर जात नाही, फक्त तपासणीसाठी असतं. दहा मिनिटं खटपट करूनही ते लिहिता येत नसेल, तर कोटमध्ये मुद्दाच नव्हता. तीन कोट्स गेले ते असे. त्यांतला एक गरुड आणि वादळाचा होता. सुपरवायझरने वादळ आल्यावर नेमकं काय करायचं, हे कुणालाच सांगता येईना.

मुद्द्याचं वाक्य हातात आलं की त्याच लोकांच्या कामातलं एक दृश्य शोधायचं आणि फार तर बारा-चौदा शब्दांत नवं वाक्य लिहायचं. मग मूळ कोट न दाखवता तिघांना ते वाचायला द्यायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: ‘हे वाचून उद्या कामावर काय वेगळं कराल?’ तिघांपैकी दोघांचं उत्तर मुद्द्याच्या वाक्याशी जुळलं तर वाक्य पास. ‘छान आहे’ हे उत्तर नापास धरायचं. एका कोटला साधारण पाऊण तास जातो, त्यातला मोठा भाग या शेवटच्या परीक्षेत.

आता एक कोट शेवटपर्यंत बघू. ‘संस्कृती रणनीतीला न्याहारीत खाऊन टाकते’ हे वाक्य व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांच्या नावावर सगळीकडे फिरतं, पण त्यांच्या लेखनात ते सापडत नाही. ते असो. मराठीत ते मुळातच विचित्र वाटतं. आपल्याकडे कुणी कुणाला न्याहारीत खात नाही, आणि ‘संस्कृती’ म्हटलं की कारखान्यातल्या माणसाला लेझीम आठवतं, शिफ्टमधल्या सवयी नाही. मुद्द्याचं वाक्य झालं: ‘नियम लेखी असला तरी शिफ्टवरचे लोक एकमेकांना बघून जे करतात तेच चालतं, म्हणून नियम बदलताना सुपरवायझरने आधी ती सवय बघावी.’

पहिला प्रयत्न होता: ‘सवयीपुढे योजनेचं काही चालत नाही.’ अर्थ बरोबर, पण हाही सुविचारच. लोकांनी माना डोलावल्या, बस. दुसरा प्रयत्न: ‘नियम वर ठरतो, पाळायचा की नाही ते चहाच्या टपरीवर ठरतं.’ वाचायला झकास, सगळे हसले, आणि परीक्षेत साफ आपटला. ‘उद्या काय कराल’ला उत्तर आलं: ‘टपरीवर जमणाऱ्यांवर लक्ष ठेवू.’ म्हणजे सवय समजून घेण्याचा मुद्दा जाऊन सगळा दोष कामगारांवर गेला. तिसरा प्रयत्न टिकला: ‘एसओपी भिंतीवर असते, नवा माणूस काम शेजारच्याकडे बघून शिकतो.’ यावर उत्तर आलं की नवीन माणसाला कुणाशेजारी उभं करायचं ते ठरवून करू. हेच हवं होतं. आठ महिने हे वाक्य तसंच आहे. एक मर्यादा मात्र सांगायला हवी: मूळ कोट धोरणाबद्दल होता, हे वाक्य लाइनबद्दल आहे. प्लँट हेडच्या बॅचला ते लहान पडतं. त्यांच्यासाठी वेगळं वाक्य लागतं, एकाच वाक्यात दोघांना बसवायला गेलं की ते पुन्हा सुविचार होतं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो ‘टीममध्ये आय नसतो’ या कोटचा. ही इंग्रजी स्पेलिंगची गंमत आहे, मराठीत आणली की उरतो फक्त उपदेश. पण मुद्द्याचं वाक्य लिहिताना लक्षात येतं की मराठीत या विषयासाठी जास्त धारदार हत्यार आधीच आहे. इंग्रजीत ‘वी’ एकच. आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे. ‘आम्ही ठरवलंय’ म्हटलं की ऐकणारा त्यात नाही. ‘आपण ठरवलंय’ म्हटलं की तो आत आला. सुपरवायझर मीटिंगमधून लाइनवर येऊन ‘आम्ही टार्गेट वाढवलंय’ म्हणाला, की तो कोणत्या बाजूला उभा आहे ते त्या एका शब्दात कळतं.

यावर पहिलं वाक्य झालं ‘आम्ही नको, आपण म्हणा’. ते पंधरा दिवसांत उलटलं, कारण ‘आपण’चा एक गोड वापर सगळ्यांना चांगला ठाऊक आहे. ‘आपण जरा ते पॅलेट हलवून घेऊ’ याचा अर्थ असतो ‘तू हलव, मी निघालो’. नुसता शब्द बदलायला सांगितला की लोक हाच ‘आपण’ उचलतात आणि लाइनवर त्याची टिंगल होते. शेवटी स्लाइडवर गेलं ते वाक्य: ‘चुकलं की “तुम्ही”, जमलं की “मी”: लाइनवर हे शब्द मोजले जातात.’ त्याच्या खाली काही नाही. ट्रेनरच्या नोट्समध्ये मात्र एक काम दिलंय: गेल्या आठवड्यातल्या शिफ्ट मीटिंगमध्ये बोललेली तीन वाक्यं आठवून कागदावर लिहा आणि ‘मी’, ‘तुम्ही’, ‘आम्ही’, ‘आपण’ यांवर गोल करा. सहा मिनिटं लागतात. कोटच्या स्लाइडवर याआधी कुणी पेन उचललं नव्हतं.

हुशारीचा मोह कुठे नडतो याचं उदाहरण म्हणजे ‘जे मोजलं जातं ते सुधारतं’ छापाचा कोट. हाही बहुतेक वेळा ड्रकर यांच्या किंवा गुणवत्तातज्ज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांच्या नावावर असतो. डेमिंग यांनी १९९३ च्या पुस्तकात जवळजवळ उलटं लिहिलंय: मोजता येत नाही ते सांभाळता येत नाही असं समजणं चूक आहे आणि महागात पडतं. तर या कोटसाठी सुचलेलं वाक्य होतं, ‘जे मोजाल तेवढंच लोक दाखवतील.’ टाळी घेणारं, खरंही, पण हा मुद्दा वेगळा. मूळ कोट मोजा म्हणतो, हे वाक्य मोजण्यापासून सावध करतं. त्या स्लाइडनंतर लगेच दैनंदिन रिजेक्शन नोंदवायचा सराव आहे. त्याच्या तोंडावर हे वाक्य लावलं तर ट्रेनरच्या पायाखालची सतरंजी आपणच ओढली. शेवटी साधं ठेवलं: ‘फळ्यावर ज्याचा आकडा रोज लिहिता, सकाळी पहिली नजर तिकडेच जाते.’ टाळी नाही, पण पुढच्या सरावाला जोडून जातं. नवं वाक्य मुद्द्याच्या वाक्याशेजारी ठेवून वाचायची सवय नसेल, तर हा घोळ हमखास होतो.

मराठीकरण म्हणजे म्हणी घालणं, हा समज सोडावा. ‘एकी हेच बळ’ आणि ‘आधी केले मग सांगितले’ ही कोट्सपेक्षा जुनी नाणी, शाळेच्या भिंतीपासून घासलेली. आणि आपल्या बऱ्याच म्हणी जातीवर, बाईवर किंवा कुणाच्या व्यंगावर उभ्या आहेत. वर्गात एक जण खाली बघू लागला की पुढचा अर्धा तास गेला.

ठेवलेल्या दोनांपैकी एक गांधीजींचा, पण दुरुस्त करून. ‘जगात जो बदल हवा तो स्वतः बना’ हे घोटीव वाक्य त्यांच्या लेखनात नाही. १९१३ मध्ये ‘इंडियन ओपिनियन’मध्ये त्यांनी लिहिलेलं लांब आहे, आशय असा की आपण स्वतःला बदलू शकलो तर जगाचे कलही बदलतील, आणि दुसरे काय करतात याची वाट बघायचं कारण नाही. सुपरवायझरला उपयोगी आहे तो हा शेवटचा तुकडा, आणि नेमका तोच लोकप्रिय कोटमधून गळलाय. आशय सांगताना अवतरणचिन्हं द्यायची नाहीत. याउलट ‘ग्राहक हा आपल्याकडे येणारा सर्वांत महत्त्वाचा पाहुणा’ हा बँकांतून आणि दुकानांतून टांगलेला फलक. तो गांधीजींचं १८९० मधलं दक्षिण आफ्रिकेतलं भाषण म्हणून दिला जातो. १८९० मध्ये गांधीजी लंडनमध्ये शिकत होते. दक्षिण आफ्रिकेत ते १८९३ मध्ये गेले. पीपीटीत तो होता, आता त्याच्या जागी नाव नसलेलं वाक्य आहे. नवं वाक्य लिहून खाली जुनं मोठं नाव तसंच ठेवणं ही सगळ्यात वाईट चूक, आणि घाईत ती होतेच, कारण नाव वेगळ्या टेक्स्ट बॉक्समध्ये असतं.

तांत्रिक भागात दोनच गोष्टी त्रास देतात. पॉवरपॉइंटच्या आउटलाइन व्ह्यूवर विसंबून कोट्स शोधू नका. वेगळ्या टेक्स्ट बॉक्समधला मजकूर तिथे दिसत नाही आणि चित्रात भाजलेला कोट तर शोधूनही सापडत नाही. स्लाइड सॉर्टर उघडून डोळ्यांनीच बघावं लागतं. दुसरं, ऑफिसच्या नेहमीच्या थीममध्ये मजकुराच्या ओळींमधलं अंतर ०.९ असतं. इंग्रजीला चालतं, देवनागरीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. १.१ किंवा १.२ करा.

तक्रार एकच, पण मोठी. ट्रेनर जुना कोट तोंडपाठ बोलतात. स्लाइडवर नवं वाक्य असतं आणि तोंडातून न्याहारी बाहेर पडते. कोटची स्लाइड म्हणजे त्यांच्यासाठी पाणी प्यायची जागा होती. नव्या वाक्यावर थांबून विचारावं लागतं, म्हणून ते टाळलं जातं. नोट्समध्ये फक्त वाक्य लिहून हे सुटलं नाही. वाक्याखाली विचारायचा प्रश्न आणि ‘यानंतर वीस सेकंद गप्प’ असं लिहिल्यावर बहुतेक जण वळले.

नवी वाक्यंही शिळी होतात. एकाच प्लँटमध्ये तिसरी-चौथी बॅच आली की आधीच्या लोकांकडून वाक्य ऐकून आलेले असतात. ‘लाइनवर शब्द मोजले जातात’ हे कँटीनमध्ये चेष्टेत फिरू लागलंय, असं सहाव्या महिन्यात कानावर आलं. त्या प्लँटपुरतं ते काढलं आणि गोल करायचा सराव तेवढा ठेवला. तो वाक्याशिवायही चालतो.