एका दमात धावणं की दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी चालणं?

वजन उतरवायला यातलं काय निवडावं हे मला दोन्ही करून बघितल्यावर कळलं, म्हणून लिहितोय. कागदावर धावणं सरळ जिंकतं. माझं वजन 75 किलो, सकाळी 7 किलोमीटर धावलो की साधारण 525 कॅलरी, त्यातून तेवढा वेळ नुसतं बसून जळल्या असत्या त्या वजा केल्या तर 460च्या आसपास. तासभर भरभर चालून जेमतेम 225. मग प्रश्नच कुठे आहे?

प्रश्न दुपारी यायचा. धावलो त्या दिवशी मी अक्षरशः सोफ्याला चिकटायचो, पाणीसुद्धा मुलाला आणायला सांगायचो, एक मजला चढायला लिफ्ट, आणि मनात मात्र "आपण सकाळीच केलंय ना". याचीच मला सगळ्यात जास्त चीड आली. घड्याळात 11000 पावलं बघून मी खूश, पण त्यातली 7000 धावण्याची होती, म्हणजे उरलेल्या अख्ख्या दिवसात फक्त 4000, आणि न धावण्याच्या दिवशी मी सहज 8000 चालायचो! ती हरवलेली 4000 पावलं म्हणजे अंदाजे 110 कॅलरी. वर धावून आल्यावर एक केळं आणि मूठभर बदाम, झाले 270. हिशोब करा, हातात राहिल्या 80.

आणि त्या घड्याळाच्या कॅलरींवर तर खाऊच नका. 2017 मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी मनगटावरची सात यंत्रं तपासली तेव्हा कॅलरींच्या बाबतीत सगळ्यात बरं यंत्रसुद्धा सरासरी 27 टक्के चुकत होतं.

चालण्याचं म्हणाल तर सकाळी अर्धा तास आणि दोन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटं. याने मला वेगळी भूक लागत नाही, आणि "कमावलंय" असं वाटतच नाही त्यामुळे बक्षीसही नाही. 225 मधल्या बहुतेक शिल्लक राहतात. दम वाढवायला मात्र धावणंच भारी, ते मी नाकारत नाही, आणि काही जण धावूनही दिवसभर भिंगरीसारखे फिरतात, त्यांनी माझं ऐकू नये.

धावायचंच असेल तर दोन गोष्टी मला उपयोगी पडल्या. एक, धावणं नेहमीच्या जेवणाच्या अगदी आधी ठेवा, म्हणजे ते जेवणच नंतरचं खाणं होतं, मध्ये वेगळं काही घुसत नाही. दुसरं, व्यायामाची पावलं वजा करून उरलेली रोज लिहा, दोन आठवडे. धावण्याच्या दिवशीचा आकडा बाकीच्या दिवसांपेक्षा हजार-दोन हजारांनी खाली दिसला तर अंतर थोडं कमी करा, वेग उतरवा आणि परत मोजा.

मी सध्या आठवड्यात दोनदाच धावतो, तेही 4 किलोमीटर, बाकी चालणं. पाणी माझं मी आणतो.