वळचणीला आणि आढ्याला जे-हुक की स्क्रू?

शेड मारायची ठरली की पत्रा कुठला, किती एमएमचा यावर बोलणं होतं. पत्रा कशाने धरायचा हे मात्र फॅब्रिकेटरवर सोडलं जातं. कोल्हापुरात दोन पद्धती दिसतात: जुन्या वळणाचे जे-हुक आणि आता सर्रास वापरले जाणारे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू. छताच्या मधल्या भागात दोन्ही चालतात. फरक पडतो तो कडेला.

आढ्याचं पाणी वळचणीला येतं, वारा मात्र सुरुवातच वळचणीपासून करतो. भिंतीवर आपटून वर चढलेला वारा कडेपाशी छताला सोडून उसळतो आणि त्या जागी पत्रा वर ओढला जातो. वारा तिरका आला तर कोपऱ्यावरून दोन भोवरे सुटतात, त्यामुळे सगळ्यात जास्त ओढ तिथेच असते. आढ्यावर वारा पुन्हा एकदा छत सोडतो. वळचणीबाहेर पत्र्याचं जे टोक लोंबतं, त्याला खालूनही धक्का बसतो.

20 बाय 40 फुटांची, कमी उताराची गोठ्याची शेड घेऊ. आयएस 875 भाग 3 या भारतीय मानकात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग 39 मीटर प्रति सेकंद दिला आहे. ढोबळ अंदाजासाठी तोच धरला तर दाब चौरस मीटरला साधारण 93 किलो येतो. दारं बंद असताना मधल्या पत्र्यावर वरची ओढ चौरस मीटरला 100 किलोच्या आसपास भरते. कोपऱ्यात, वळचणीबाहेरच्या टोकावर ती 245 किलोपर्यंत जाते. पत्र्याचं स्वतःचं वजन जेमतेम 5 किलो, म्हणजे वर ठेवलेले दगड आणि वाळूची पोती कोपऱ्यात काहीच धरत नाहीत. उलट पत्रा सुटला की तेच दगड खाली येतात. शटर उघडं राहिलं तर आतूनही दाब चढतो आणि भिंतींच्या आतल्या पत्र्यावरची ओढ वाढते. या शेडला कडेचा धोक्याचा पट्टा साधारण 3 फूट रुंद आहे.

आता धरणाऱ्या वस्तूंकडे येऊ. जे-हुकची जाडी आणि ताकद पुरेशी असते, तक्रार त्याबद्दल नाही. तो मुळात अँगलच्या पर्लिनसाठी, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या दांड्यासाठी आहे. हल्ली पर्लिन चौकोनी पाईपची असते आणि गोल वळणाचा हुक तिला कोपऱ्यावरच टेकतो. वरून नट आवळताना तो घट्ट लागतो, पण दोन-चार वळवांत हुक थोडा फिरतो, बसतो आणि नट सैल होतो. मग पत्रा थडथडायला लागतो. मला जे-हुकची नेमकी हीच गोष्ट खटकते. दर झटक्याला भोकाभोवती पत्रा वाकतो, तिथे केसासारख्या चिरा पडतात आणि एका मोठ्या वाऱ्यात पत्रा वॉशरवरून फाटून निघतो, हुक जागेवरच राहतो. 1974 साली ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला ट्रेसी वादळात पातळ पत्र्यांची छतं अशाच थकव्याने गेली.

स्क्रू पाईपमध्ये आटे पाडून बसतो, फिरायला जागा राहत नाही. त्यामुळे थडथड बरीच कमी होते. पण त्याच्याही खोडी आहेत. 1.2 एमएमच्या पाईपमधून तो उपसला जाऊ शकतो, म्हणून कडेची पर्लिन 2 एमएमची घ्यावी. गन जास्त दाबली की रबर वॉशर बाहेर फुगतो आणि पाणी गळतं. पर्लिन चुकली तर तो नुसता पत्र्यात अडकून राहतो. हे तपासायला खाली उभं राहून वर पाहावं: पाईपमध्ये न शिरलेलं टोक पाईपच्या बाजूला मोकळं दिसतं.

आढ्यावरच्या रिजची चूक तर नेहमीची आहे. रिज फक्त पत्र्याला रिव्हेट करतात, पर्लिनपर्यंत काही पोचत नाही. रिजखाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या टोकाजवळ पर्लिन हवी आणि उंच नाळीवरून मारायचा तर नाळीची उंची धरून लांब स्क्रू हवा, 55 एमएमच्या आसपासचा.

सिमेंटचे पत्रे असतील तर मात्र जे-हुकच बरा, कारण त्या पत्र्याला भोकात थोडी हालचाल लागते. जुन्या अँगलवर नीट बसलेले हुक उपटण्यातही अर्थ नाही.

लोखंडी पत्रा आणि पाईप असेल तर माझा कल स्क्रूकडे आहे. मध्ये एक नाळ सोडून, पण वळचण, आढं आणि दोन्ही टोकांच्या 3 फुटांत प्रत्येक नाळीवर, नाळीच्या आकाराच्या सॅडल वॉशरसकट. वरच्या शेडला त्यासाठी सव्वाशेच्या आसपास जास्तीचे स्क्रू लागतील. जुनी हुकवाली शेड असेल तर हुक तसेच ठेवून हेच सव्वाशे स्क्रू भरावेत. फक्त पर्लिन ट्रसला नुसती टाक्यावर जोडलेली नाही ना, हे आधी बघावं, नाहीतर स्क्रू धरून ठेवतील आणि पत्रा पर्लिनसकट उठेल.