कपाटातच सोललेलं पीयू जॅकेट : वर्षभरानंतरचा अनुभव

गेल्या हिवाळ्यात बेळगावच्या खडेबाजारात अठराशे रुपयांना घेतलेलं काळं पीयू, म्हणजे नकली चामड्याचं, जॅकेट परवा कपाटातून काढलं, तर पांढऱ्या शर्टावर काळे पोपडे झडले. कॉलर आणि बाह्यांच्या कडांतून आतलं विणलेलं कापड दिसतंय. दुकानदार म्हणतो, "उन्हात वाळवलं असणार, वापर बरोबर नाही." संताप याचाच येतो. अख्खा पावसाळा जॅकेट त्यांनीच दिलेल्या प्लास्टिकच्या कव्हरात कपाटात होतं. ऊन लागलं कुठून?

खरं कारण दमट हवा आहे. पीयू लेदर म्हणजे कापडावर चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर. स्वस्त मालात हे पॉलियुरेथेन पॉलिएस्टर जातीचं असतं. हवेतल्या बाष्पाने त्याच्या साखळ्या हळूहळू तुटतात, उष्णतेने ते आणखी लवकर होतं. त्याला हायड्रोलिसिस म्हणतात. आधी पृष्ठभाग चिकट लागतो, मग बारीक भेगा पडतात, मग पोपडे. कॉलर आणि बाह्या आधी जातात, कारण तिथे घाम आणि केसांचं तेल मुरतं. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात बंद कव्हरात तर ओल कोंडूनच राहते. म्हणजे न वापरताही माल सडतो, आणि दोष मात्र गिऱ्हाइकाचा!

त्याच सुमारास घेतलेली पीव्हीसीची, आपण रेक्झिन म्हणतो ती, ऑफिसची बॅग रोज खानापूरच्या बसमध्ये भिजते. तिला एकही पोपडा नाही. रेक्झिन म्हणजे हलका माल, असं मी आजवर म्हणत आलो. आता मत बदललंय. पीव्हीसीला पाण्याने असं काही होत नाही. तिच्यातलं मऊपणा देणारं द्रव्य मात्र वर्षानुवर्षं निघत जातं आणि ती कडक होऊन घडीवर तडकते. माझ्या बॅगेच्या झाकणाची घडी आत्ताच ताठ झालीय. अंगावर ती जड आणि गरम होते, म्हणून जॅकेटला नको, बॅगेला चालेल.

पीयूच हवं असेल तर पॉलिइथर जातीचं जास्त टिकतं, पॉलिकार्बोनेट जातीचं त्याहून जास्त. नुसतं बघून किंवा हात लावून यातला फरक कळत नाही. सोफ्याच्या आणि गाडीच्या सीटच्या चांगल्या पीयू कापडाची ७० अंश सेल्सिअस आणि ९५ टक्के आर्द्रतेत काही आठवडे ठेवून चाचणी करतात. किती आठवडे टिकलं ते विचारा. उत्तर नसेल तर माल साधा समजा. 'बाँडेड लेदर'च्या नावाने फसू नका. चामड्याचा भुगा चिकटवून वर हाच थर दिलेला असतो, तोही सोलतो.

पॉलिशने काही होत नाही, थर आतूनच तुटलेला असतो. बॅगा शिवणाऱ्या काकांनी सोल्युशन लावून पाहिलं. त्या जागी चिकटलं, शेजारी उकललं. दुकानदार बदलून द्यायला तयार नाही, 'पुढच्या खरेदीत दोनशे कमी करतो' म्हणतो. त्या दोनशेसाठी पुन्हा तसंच जॅकेट मी घेणार नाही. यंदा गाडीवर जाड कॅनव्हासचं घालतोय.