आठ महिने प्रायव्हेट डीएनएस: जाहिराती गेल्या, आणि दीड जीबी डेटाही

घरी फायबर असताना दुपारी एक वाजता ‘आजचा १०० टक्के डेटा संपला’ असा मेसेज आला की माणूस चिडणारच. माझा रोजचा पॅक दीड जीबीचा, आणि घरी मी मोबाइल डेटा वापरतच नाही. सलग तीन दिवस हेच झालं. सिडकोतल्या आमच्या नेटवाल्याला मी फोनवर नको ते बोललो. त्याने नुकताच वायफायचा डबा बदलला होता, म्हणजे गुन्हेगार ठरलेलाच.

चौथ्या दिवशी त्याचा पोरगा आला. टीव्ही चालू, बायकोचा फोन चालू, त्याचा स्वतःचा फोनही चालू. माझ्या फोनवर मात्र वायफायच्या चिन्हाशेजारी छोटं उद्गारचिन्ह. “दादा, फोनमध्ये काही सेटिंग केलंय का?” असं त्याने विचारलं आणि मला घाम फुटला. केलं होतं की, आठ महिन्यांपूर्वी.

अँड्रॉइड ९ पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं. त्यात तीन पर्याय: बंद, ऑटोमॅटिक, आणि सर्व्हरचं नाव स्वतः टाकणं. मी तिसऱ्यात `dns.adguard-dns.com` टाकलं होतं, तेही फुकटात जाहिराती घालवायला. कुठलीही साइट उघडताना फोन आधी तिच्या नावाचा आयपी पत्ता विचारतो. एरवी हा प्रश्न उघडा जातो आणि नेटवाल्याला वाचता येतो. प्रायव्हेट डीएनएसमध्ये तो कुलूपबंद होऊन पोर्ट ८५३ वरून आपण निवडलेल्या सर्व्हरकडे जातो. जाहिरातीच्या साइटचं नाव विचारलं की हा सर्व्हर खरा पत्ता देतच नाही. बातम्यांच्या ॲपमधल्या पट्ट्या त्या दिवसापासून गेल्या. यूट्यूबच्या गेल्या नाहीत, कारण त्या व्हिडिओच्याच घरातून येतात आणि डीएनएसला फक्त घराचं नाव दिसतं, आतली खोली नाही.

आता माझी खरी तक्रार. ऑटोमॅटिकवर असताना ८५३ चालला नाही तर फोन गुपचूप जुन्या उघड्या पद्धतीवर येतो. नाव टाकलं असेल तर येत नाही. सर्व्हर सापडला नाही की ते वायफाय त्याच्या लेखी इंटरनेट नसलेलं, आणि मोबाइल डेटा चालू असेल तर तो परस्पर तिकडे उडी मारतो. सूचना एकदा येऊन जाते, मग फक्त ते उद्गारचिन्ह. मी तीन दिवस फायबरखाली बसून सिमचा डेटा जाळत होतो!

नव्या डब्याचाच दोष आहे हे लॅपटॉपवर तपासलं:

```
nc -vz dns.adguard-dns.com 853
nc -vz dns.adguard-dns.com 443
```

४४३ लगेच जोडला गेला, ८५३ नुसता लटकून राहिला. म्हणजे सर्व्हर जिवंत होता आणि डब्याच्या फायरवॉलने वाट अडवली होती. पोराने ती मोकळी केली आणि उद्गारचिन्ह गेलं. नेटवाल्याची माफी मागितली. डबा त्याचाच होता, त्यामुळे अर्धीच.

तोवर मी दोन स्टार देऊन मोकळा झालो होतो. मत बदललं ते वीजबिलाच्या मेसेजमुळे. ‘आज रात्री कनेक्शन कापणार’ असं लिहिलेल्या लिंकवर वडिलांनी माझ्याच फोनवर बोट ठेवलं, पण पान उघडलंच नाही. ते नाव सर्व्हरच्या काळ्या यादीत होतं. कालच तयार झालेली बनावट साइट अशा यादीत नसते, त्यामुळे यावर विसंबून लिंका दाबू नका. आणि नेटवाल्यापासून सगळं लपतं असंही नाही: कुठल्या आयपीशी बोलताय ते त्याला दिसतंच, बहुतेक वेळा साइटचं नावही.

अंबडच्या आमच्या कंपनीत वेगळीच गंमत. तिथे ८५३ मोकळा आहे, इंटरनेट पळतं, पण हजेरीचं पान उघडताना `DNS_PROBE_FINISHED_NXDOMAIN`. ते नाव फक्त कंपनीच्या आतल्या डीएनएसला माहीत, बाहेरच्या सर्व्हरला कुठून असणार? म्हणून गेटवर ऑटोमॅटिक करतो आणि घरी आलो की परत नाव टाकतो. रोजची कटकट आहे, पण सवय झाली. चार स्टार.

आईच्या फोनवरही हौसेने बसवलं होतं. दुसऱ्याच दिवशी तिने काढायला लावलं. तिच्या गोळ्या फोडायच्या गेममध्ये जाहिरात पाहिली की एक जीव मिळतो, आणि जाहिरातच येईना.