शीटवर २५०, गोदामात शून्य: माझे ₹३३,५६९ कसे गेले

लिहिताना लाज वाटते, पण डिचोलीत बसून ड्रॉपशिपिंग करणारा मी एकटाच नसेन. चवथीच्या आधी फोल्डिंग मखर विकायला घेतलं. ऑर्डर माझ्या साइटवर, माल परराज्यातल्या सप्लायरच्या गोदामातून थेट गिऱ्हाइकाकडे. विक्री ₹१,४९९, मला पडायचं ₹८६० ला. सप्लायरच्या वॉलेटमध्ये आगाऊ ₹४०,००० भरले. इथेच पहिलं गाढवपण केलं. ऑर्डरमागे पैसे द्या, वॉलेट भरू नका.

आता ती रात्र. माझ्या १४ ऑर्डरी गेल्या होत्या आणि सप्लायरच्या स्टॉक शीटवर सकाळीही २५०, रात्रीही २५०. मला वाटलं, नवा माल आला असेल. नवा माल काय बरोब्बर १४ नग येतो? तीच शीट माझ्यासारख्या कितीतरी दुकानदारांकडे होती, म्हणजे आकडा तर भराभर उतरायला हवा होता. जो आकडा हलत नाही, तो कोणी मोजलेला नसतो. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण जाहिरात जोरात चालली होती, कोण थांबवणार?

वर माझ्याच साइटवर `Continue selling when out of stock` ही खूण चालू राहिलेली. आधी ती काढा. शीट दिवसातून एकदाच बदलत असेल आणि तुमचे दिवसाला १० नग जात असतील, तर सप्लायरकडे २० उरले की तुमच्याकडे शून्य दाखवा, कारण बाकीचे दुकानदारही त्यातूनच उचलतात. सणाच्या मालाला तर रोज सकाळी फोन करून खोक्यांचा ताजा फोटो मागवा. टाळाटाळ झाली की जाहिरात बंद.

४६ ऑर्डरींपैकी ९ पोचल्या. म्हापशाच्या एका मावशींचा फोन आला, "चवथ फाल्यां, मखर खंय?" काय सांगणार? ३७ जणांचे ₹५५,४६३ परत केले. पेमेंट गेटवेचं शुल्क मात्र परत येत नाही, ते ₹१,३०९ गेलेच. पैसे कापण्याआधी माल आहे का ते बघायची सोय काही गेटवेंत असते. पेमेंट नुसतं अडवून ठेवायचं, सप्लायरने हो म्हटलं की मगच घ्यायचं. मला हे नंतर कळलं.

सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर फोन केला. पुढे पोलीस स्टेशनात सांगितलं, हा धंद्यातला वाद, वकील गाठा. मी म्हटलं, नसलेला माल आहे म्हणून दाखवणं हा नुसता वाद? साहेब चहा प्यायला गेले. ग्राहक हेल्पलाइनवर ऐकवलं की पुन्हा विकायला घेतलेल्या मालाचे तुम्ही 'ग्राहक' नाही. २०१९ च्या कायद्यात तसंच आहे म्हणे. मजा बघा, माझी गिऱ्हाइकं माझ्यावर तक्रार करू शकतात, मी कोणावरच नाही!

वॉलेटमध्ये अजून ₹३२,२६० दिसतात. त्यातून त्याचाच दुसरा माल घेता येतो, बँकेत काढता येत नाहीत.