चार्टचं टेम्प्लेट की वेगळी चार्ट शीट: सोसायटीच्या हिशेबाला काय सोयीचं?

आमची सोसायटी मुलुंडची. चार विंग, प्रत्येक विंगचं सामायिक वीजबिल वेगळं, आणि खजिनदारकी माझ्या गळ्यात. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे ऑगस्ट उजाडला की आमच्या सेक्रेटरी काकांचा एकच धोशा असतो, "अहो, यंदा चार्ट मोठे आणि सगळे एकसारखे काढा. गेल्या वेळी मागच्या रांगेतल्यांना काही दिसलं नाही."

'मोठे' आणि 'एकसारखे' हे दोन शब्द ते एका दमात म्हणतात, पण एक्सेलमध्ये त्यांची उत्तरं दोन वेगळी आहेत. एकसारखे हवे असतील तर चार्टचं रूप टेम्प्लेट म्हणून साठवायचं. मोठा हवा असेल तर चार्ट स्वतःच्या शीटवर हलवायचा. पहिल्यात रंग, फाँट, अक्षांची मांडणी आणि लेजंडची जागा टिकते, डेटा टिकत नाही. दुसऱ्यात चार्टची फक्त जागा बदलते. तरीही लोक एकाच्या जागी दुसरं वापरतात आणि मग फसतात, म्हणून हा आढावा.

टेम्प्लेट: मेहनत एकदा, वापर दर महिन्याला

अ विंगचा चार्ट मनासारखा सजवला की त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेवर राइट क्लिक करून `Save as Template` निवडायचं. `.crtx` शेपटीची एक छोटी फाइल तयार होते. ती एक्सेल स्वतःहून या फोल्डरमध्ये ठेवतं:

```
%appdata%\Microsoft\Templates\Charts
```

जागा बदलू नका. फाइल याच फोल्डरात असेल तरच ती नंतर यादीत दिसते. मग ब विंगचा साधा चार्ट काढायचा, `Change Chart Type` उघडायचं, `All Charts` मधल्या `Templates` वर जायचं आणि आपलं टेम्प्लेट निवडायचं. चार विंग, बारा महिने, म्हणजे वर्षाला अठ्ठेचाळीस वेळा रंग भरत बसण्यातून सुटका.

माझ्या मते टेम्प्लेटचा खरा फायदा रंगांपेक्षा आकड्यांच्या मांडणीत आहे. वर्षाचा एकूण खर्च लाखांत जातो आणि ज्या संगणकाची सेटिंग भारताची नसते तिथे अक्षावर 350,000 असं छापून येतं. सभेत कुणीतरी हमखास विचारतं, "हे साडेतीन लाख की पस्तीस हजार?" त्यावर उपाय म्हणून `Format Axis` मधल्या `Number` खाली हा कोड टाकायचा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

तो पाठ होणं शक्य नाही. टेम्प्लेटमध्ये एकदा बसवला की पुन्हा शोधायला नको.

आता टेम्प्लेट कुठे दगा देतं ते पाहू. अ विंगचं बिल महिन्याला २८,००० ते ३८,००० रुपये. चार्ट नीट दिसावा म्हणून अक्षाची कमाल मर्यादा मी हाताने ४०,००० लिहिली आणि टेम्प्लेट साठवलं. ती मर्यादाही टेम्प्लेटबरोबर गेली. क विंगला दोन लिफ्ट आहेत, तिथलं बिल एप्रिलला ४६,०००, मे महिन्यात ५८,००० आणि जूनला ५१,०००. टेम्प्लेट लावल्यावर तिन्ही खांब छताला टेकून सारख्याच उंचीचे दिसले. एक्सेलने कुठलाही इशारा दिला नाही, आणि देणारही नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक काहीच नाही. ओळखायची खूण एकच: शेजारचे दोनतीन खांब वरच्या रेषेला चिकटलेले आणि अगदी समान उंचीचे दिसले की आधी अक्षावर राइट क्लिक करून `Format Axis` बघा. `Maximum` समोर `Auto` लिहिलेलं असेल तर ठीक. `Reset` असेल तर आकडा हाताने घातलेला आहे. `Reset` दाबा आणि मगच टेम्प्लेट साठवा.

याला एक अपवाद आहे. चारही विंगची एकमेकांशी तुलना दाखवायची असेल तर मर्यादा ठरवलेलीच बरी, नाहीतर ३८,००० चा खांब आणि ५८,००० चा खांब आपापल्या चार्टमध्ये सारखेच उंच दिसतात आणि अ विंगवाले उगाच भांडायला उठतात. फक्त ती मर्यादा सगळ्यात खर्चिक विंगवरून ठरवायची. आमच्याकडे ६०,०००.

दुसरी गोष्ट रंगांची. टेम्प्लेट रंग देतं ते मालिकेच्या क्रमाने, नावाने नाही. अ विंगच्या शीटमध्ये आधी लिफ्ट, मग पंप, मग जिन्यातले दिवे असे कॉलम आहेत आणि ड विंगच्या शीटमध्ये कुणीतरी पंप आधी लिहिला, तर ड विंगमध्ये लिफ्टचा निळा रंग पंपाला जातो. लेजंड बरोबर असतो, पण चार चार्ट शेजारी ठेवून बघणारा लेजंड वाचत नाही. म्हणून चारही शीटमधला कॉलमांचा क्रम आधी एक करा.

टेम्प्लेट नंतर सुधारलं तर आधी काढलेले चार्ट आपोआप सुधारत नाहीत, प्रत्येकाला पुन्हा लावावं लागतं. शिवाय टेम्प्लेट तुमच्या संगणकावर राहतं, एक्सेलच्या फाइलमध्ये नाही. तयार चार्टचं रूप फाइलबरोबर जातं, पण नव्या खजिनदाराला नवा चार्ट त्याच रूपात काढायचा असेल तर ती `.crtx` फाइल वेगळी द्यावी लागेल. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवून वर सांगितलेल्या फोल्डरमध्ये ठेवायला सांगितलं की झालं.

वेगळी चार्ट शीट: जागा भरपूर, पण सेल एकही नाही

चार्टवर क्लिक केलं की वर `Chart Design` टॅब येतो, त्यात उजवीकडे `Move Chart`. `New sheet` निवडून नाव द्यायचं, नाहीतर `Chart1` असं निनावी राहतं. चार्ट मूळ शीटवरून उठतो आणि नव्या टॅबवर अख्खा पडदा व्यापतो. ही प्रत नसते, हलवाहलव असते. परत आणायचा असेल तर त्याच ठिकाणी `Object in` निवडून मूळ शीटचं नाव द्यायचं. रिकामी झालेली चार्ट शीट आपोआप नाहीशी होते.

प्रोजेक्टरवर दाखवायला याहून सोपं काही नाही. आजूबाजूला आकड्यांच्या रांगा नाहीत, स्क्रोल करताना चार्ट निसटत नाही. एवढंच की जागा वाढली तरी अक्षरं वाढत नाहीत. १० पॉइंटची अक्षरं १०च राहतात. हॉलमध्ये मागच्या खुर्चीवरून वाचायची असतील तर चार्टची मोकळी जागा निवडून `Home` मधून फाँट १८ करा.

पण आधी स्वतःला विचारा: चार्ट हलवायचा आहे तो दाखवायला की छापायला? नुसता पूर्ण पान छापायचा असेल तर हलवायची गरजच नाही. शीटवरचा चार्ट निवडा आणि प्रिंट द्या, एक्सेल फक्त तोच चार्ट अख्ख्या पानावर छापतं. नोटीस बोर्डापुरते चार्ट मी आता असेच काढतो. चार्ट शीट बनवणाऱ्यांपैकी अर्ध्या लोकांना हेच हवं असतं असा माझा संशय आहे.

हलवल्यावरची सगळ्यात मोठी अडचण पुढच्या महिन्यात कळते. चार्ट डेटाच्याच शीटवर असेल तर एप्रिलच्या शीटची प्रत काढून मे नाव द्यायचं, आकडे बदलायचे, आणि प्रतीतला चार्ट मे महिन्याचेच आकडे वाचतो. चार्ट शीटची प्रत काढली तर ती प्रत अजूनही एप्रिलचीच शीट वाचत असते. वर शीर्षक मे, आत खांब एप्रिलचे. संशय आला की कुठल्याही खांबावर क्लिक करून फॉर्म्युला बार बघा. तिथे `=SERIES(` ने सुरू होणारी ओळ दिसते आणि तिच्यात शीटचं नाव लिहिलेलं असतं.

आणखी एक फसगत फिल्टरची. डेटाच्या शीटवर कुणी फिल्टर लावून तीन महिने लपवले तर चार्टमधूनही ते गळतात. चार्ट शेजारी असेल तर फिल्टर डोळ्यांना दिसतो. दुसऱ्या टॅबवर असेल तर बारा खांबांऐवजी नऊ झाले हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही. `Select Data` मधल्या `Hidden and Empty Cells` मध्ये जाऊन `Show data in hidden rows and columns` वर खूण केली की ही भीती जाते.

चार्ट शीटवर सेल नसल्यामुळे खाली "मे महिन्यात दुसरी लिफ्ट नवीन बसवली" अशी टीप लिहायची तर टेक्स्ट बॉक्स घालावा लागतो. गुगल शीट्समध्येही `Move to own sheet` आहे, पण टेम्प्लेट साठवायची सोय नाही. तिथे काम करणाऱ्यांपुढे हा प्रश्न निम्माच उरतो.

मग करायचं काय?

तोच चार्ट पुन्हा पुन्हा निघणार असेल तर टेम्प्लेट, आणि चार्ट डेटाच्या शीटवरच ठेवा. वर्षातून एकदा, लोकांसमोर, पडद्यावर दाखवायचा असेल तर चार्ट शीट. महिन्याच्या हिशेबासाठी चार्ट शीट मी कुणालाही सुचवणार नाही, प्रतीच्या त्या एका घोळामुळे.

दोन्ही लागणार असतील तर क्रम सांभाळा. चार्ट आधी हलवून, फाँट १८ करून मग टेम्प्लेट साठवलं, तर दर महिन्याच्या छोट्या चार्टलाही १८ चीच अक्षरं लागतात आणि महिन्यांची नावं तिरपी होऊन एकमेकांवर चढतात. मी दोन टेम्प्लेट ठेवतो. एकाचं नाव 'मासिक', दुसऱ्याचं 'सभा'. सप्टेंबर लागला की `Insert Chart` च्या खिडकीत 'सभा' वर राइट क्लिक करून `Set as Default Chart` करतो. मग डेटा निवडून `F11` दाबलं की चार्ट थेट स्वतःच्या शीटवर, सभेच्या रूपात उभा राहतो. `Alt+F1` दाबलं तर त्याच रूपात पण डेटाशेजारी. सभा झाली की डिफॉल्ट पुन्हा 'मासिक' करायचं. गेल्या वर्षी मी विसरलो होतो, आणि ऑक्टोबरच्या नोटिशीत "ऑक्टोबर" हा शब्द खांबापेक्षा मोठा छापून आला होता.